बाटली खरी, माल खोटा

स्कॉचची एक लिटरची बाटली. खोका कोराकरकरीत, लेबलवरची सोनेरी अक्षरं लखलखीत, तळाशी काचेतच उठवलेले आकडे. आणणारा सांगतो, ‘ड्यूटी फ्रीचा माल आहे, ओळखीतून मिळाला, निम्म्या भावात.’ बाटली उघडते आणि पहिल्याच घोटाला एखाद्या जाणकार पाहुण्याच्या कपाळावर आठ्या पडतात. मग लेबलची तपासणी सुरू होते. कुणी उजेडात धरून बघतं, कुणी नखाने खरवडतं, कुणी इंटरनेटवरच्या फोटोशी ताडून पाहतं. लेबल तंतोतंत जुळतं. काच जुळते, खोकाही जुळतो.

जुळणारच, कारण ही तिन्ही कंपनीचीच आहेत. फक्त आतली दारू दुसऱ्याने भरलेली आहे.

रिकाम्या बाटलीचा प्रवास

बनावट मद्य म्हटलं की डोळ्यांसमोर खोटी लेबलं छापणारा छापखाना येतो. तसं घडतंही. पण महागड्या विदेशी मद्याच्या बाबतीत सोपी वाट वेगळी आहे. बार, हॉटेलं, लग्नाचे हॉल आणि गृहनिर्माण सोसायट्यांमधून रिकाम्या बाटल्या भंगारात जातात. बिअरची बाटली काचेच्या भावाने जाते. नामांकित स्कॉचची बाटली लेबल शाबूत, झाकण सोबत आणि खोक्यासकट असेल, तर तिला काचेपेक्षा कितीतरी जास्त मोल मिळतं. ते मोल मोजणारा माणूस तिच्यात स्वस्तातली भारतीय व्हिस्की भरतो, वर झाकण बसवतो आणि ‘बाहेरचा माल’ म्हणून विकतो. राज्य उत्पादन शुल्क विभागाच्या छाप्यांच्या बातम्यांमध्ये रिकाम्या बाटल्या आणि बनावट बुचांचा ढीग एकत्र सापडतो, तो यामुळेच.

या धंद्याचं पोट करावर भरतं. महाराष्ट्राने आयात स्कॉचवरचं उत्पादन शुल्क नोव्हेंबर 2021 मध्ये निर्मितिमूल्याच्या 300 टक्क्यांवरून 150 टक्क्यांवर आणलं. इतर राज्यांतून होणारी तस्करी आणि बनावट मद्य यांना आळा बसावा, हा त्यामागचा एक हेतू होता. तरीही स्वस्त देशी व्हिस्की आणि आयात स्कॉच यांच्या किमतीतली दरी बाटली भरणाऱ्याला पुरून उरते.

दुसरा प्रकार गोव्याच्या वाटेने येतो. गोव्यात मद्यावरचा कर कमी, महाराष्ट्रात जास्त. त्यात जून 2025 मध्ये महाराष्ट्राने भारतीय बनावटीच्या विदेशी मद्यावरचं शुल्क निर्मितिमूल्याच्या तिपटीवरून साडेचारपट करण्याचा निर्णय घेतला, त्यामुळे ही तफावत आणखी वाढली. सिंधुदुर्गात इन्सुलीच्या तपासणी नाक्यावर गोवा बनावटीची दारू पकडल्याच्या बातम्या नेहमीच्याच. त्यातली काही तशीच विकली जाते, तर काहीवर महाराष्ट्राचं लेबल चढतं. इथे आतलं मद्य कारखान्यातलंच असू शकतं, खोटं असतं ते लेबल.

म्हणून बाटली हातात आल्यावर पहिला प्रश्न पडायला हवा तो हा, की फसवणूक कुठल्या जातीची असू शकते? पुन्हा भरलेल्या बाटलीत काच आणि लेबल अस्सल असतात, त्यांच्याकडे कितीही निरखून पाहिलं तरी काही हाती लागत नाही. तिथे पाहायची ती एकदाच वापरता येणारी वस्तू, म्हणजे झाकण. आणि माणसाला हाताने पुन्हा करावं लागलेलं काम, म्हणजे भरण्याची पातळी. लेबलची बारी त्यानंतर येते.

झाकणाचे आटे कुठे तयार होतात?

बहुतेक बाटल्यांवरचं ॲल्युमिनियमचं फिरकीचं झाकण कारखान्यात येतं तेव्हा त्याला आटे नसतातच. ती एक गुळगुळीत, बिनआट्यांची टोपी असते. ती भरलेल्या बाटलीवर ठेवली जाते, यंत्राचं डोकं वरून दाब देतं आणि झाकणाच्या आतला मऊ थर काचेच्या ओठावर घट्ट बसतो. त्याच क्षणी छोटी चाकं बाजूंनी फिरत ॲल्युमिनियमचा पत्रा काचेच्या आट्यांमध्ये दाबत जातात. आणखी दोन चाकं झाकणाची खालची कड काचेच्या उंचवट्याखाली दुमडतात. म्हणजे झाकणावरचे आटे हा त्याच बाटलीच्या काचेचा ठसा असतो.

झाकणाचा वरचा भाग आणि खालची कडी यांना अगदी बारीक धातूचे दुवे जोडून ठेवतात. झाकण फिरवलं की वरचा भाग आट्यांवरून चढतो, कडी उंचवट्याखाली अडकून राहते आणि दुवे तटातट तुटतात. उघडताना येणारा ‘कटकट’ आवाज त्यांचाच. एकदा तुटलेला दुवा पुन्हा जोडता येत नाही.

म्हणून भरणाऱ्यापुढे दोनच वाटा उरतात: जुनं झाकण कसंबसं परत बसवायचं, नाहीतर नवं बनावट झाकण मिळवून ते हाताच्या अवजाराने दाबायचं. दोन्हींच्या खुणा राहतात. यंत्राने दाबलेले आटे सगळीकडे सारख्या खोलीचे असतात. हाताने दाबलेले एका बाजूला खोल, दुसऱ्या बाजूला उथळ दिसतात. जुनं झाकण परत दाबलेलं असेल, तर आट्यांशेजारी दुसरी पुसट रेघ दिसते, कारण नवा ठसा जुन्यावर नेमका बसत नाही. पक्कड लावल्याचे ओरखडे, झाकणावर छापलेल्या नावावर पडलेली चीर, झाकण आणि कडी यांमधल्या फटीत सुकलेला गोंद, यातलं काहीही दिसलं तर बाटली परत ठेवावी.

बाटली विकत घेण्याआधी झाकण दोन बोटांत धरून हलकेच वळवायचा प्रयत्न करावा, उघडण्याइतका जोर न लावता. अस्सल झाकण जागचं हलत नाही. झाकण आणि कडी दोन्ही मिळून गरगर फिरली, किंवा बाटली आडवी केल्यावर गळ्याशी ओल आली, तर आतला थर काचेवर नीट दाबलेला नाही. उघडताना दुवे न तुटता झाकण नुसतंच सुटलं, तर शंकेला जागाच राहत नाही.

गोळीचं बूच

महागड्या बाटल्यांत याशिवाय आणखी एक अडसर असतो. झाकण काढलं की बाटलीच्या तोंडात प्लॅस्टिकची नळी बसवलेली दिसते, आणि तिच्या आत काचेची किंवा प्लॅस्टिकची गोळी खुळखुळते. बाटली कलती केली की गोळी पुढे सरकून वाट मोकळी करते. बाटली उभी ठेवून वरून ओतायला गेलं की तीच गोळी भोकावर बसते आणि आत थेंब जाऊ देत नाही. या प्रकारच्या बुचांसाठी इटलीची गुआला कंपनी जगभर ओळखली जाते, तिचा भारतातला कारभार गोव्यातून चालतो.

पण हा अडसर अभेद्य नाही. कामाला लागलेला माणूस ही अख्खी नळीच ओढून काढतो आणि भरून झाल्यावर परत ठोकतो. ती बसवलेली असते काचेवर घट्ट पकडणाऱ्या दातांनी, त्यामुळे जोराने काढताना प्लॅस्टिक ताणलं जातं, आणि ताणलेलं प्लॅस्टिक पांढुरकं पडतं. म्हणून झाकण उघडल्यावर लगेच पेल्यात ओतू नये, आधी या नळीकडे पाहावं. कडेला पांढुरक्या रेघा आहेत का? ती एका बाजूला कलली आहे का? बोटाने फिरते का? बाटली वाकवल्यावर दारू नळीतून न येता तिच्या कडेने झिरपते का? काचेच्या ओठाला बारीक टवके उडालेले असतात, तेही इथेच दिसतात.

पातळी: मानेतला एक सेंटिमीटर

दुकानाच्या फळीवर एकाच ब्रँडच्या बाटल्या रांगेत असतील, तर त्यांतल्या मद्याच्या पातळ्या जवळपास एका रेषेत येतात. कारखान्यात भरण्याचं काम यंत्र करतं आणि ते दर बाटलीला एकाच उंचीवर किंवा एकाच मापावर थांबतं. नरसाळ्याने भरणारा माणूस त्याच्या नजरेला पटेल तिथे थांबतो. कधी पातळी खाली राहते, कधी घाईत बुचाला भिडते. म्हणून कमी भरलेल्या बाटलीइतकीच काठोकाठ भरलेली बाटलीही संशयाला पात्र असते.

पातळी वाचायची जागा म्हणजे बाटलीची मान. तिथे नळी अरुंद असते, त्यामुळे थोडासा फरकही मोठा दिसतो. आतला व्यास 2 सेंटिमीटर धरला, तर मानेतल्या दर सेंटिमीटर उंचीत जेमतेम 3 मिलिलिटर द्रव मावतो. ताप मोजायच्या जुन्या थर्मामीटरमध्ये पाऱ्याच्या एवढ्याशा फुगण्याने बारीक नळीत मोठी रेघ चढते, तसंच हे. आणि ही तुलना अगदी शब्दशः लागू पडते, कारण बाटलीतलं मद्यही उष्णतेने फुगतं. 750 मिलिलिटरची बाटली 20 अंशांवरून 40 अंशांवर गेली, तर आतलं मद्य सुमारे 10 मिलिलिटरने वाढतं, म्हणजे मानेत पातळी 3 सेंटिमीटरच्या आसपास चढते. कारखान्यात वरती मोकळी जागा ठेवतात ती यासाठीच.

त्यामुळे फ्रीजमधली बाटली काउंटरवरच्या बाटलीशेजारी ठेवून ‘ही कमी भरलीय’ म्हणण्यात अर्थ नाही. तुलना व्हायला हवी ती एकाच फळीवरच्या, एकाच ब्रँडच्या, एकाच मापाच्या बाटल्यांची.

कायद्याची सूट किती, हेही इथे समजून घ्यायला हवं. वैधमापनशास्त्राच्या 2011 च्या पॅकबंद वस्तू नियमांनुसार 500 मिलिलिटर ते एक लिटर मापाच्या पाकिटात 15 मिलिलिटरपर्यंतची तूट चालते. वरच्या हिशोबाने मानेत हा फरक जवळजवळ 5 सेंटिमीटर दिसेल. म्हणजे शेजारच्या बाटलीपेक्षा पातळी 2 सेंटिमीटर खाली असेल, तर ती वजनमापाच्या तक्रारीला पुरणार नाही. पण यंत्राने भरलेल्या रांगेत एकटीच खाली असलेली बाटली वेगळ्या हाताने भरली गेली असावी, हा इशारा तेवढ्यानेही मिळतो. मग झाकणाकडे दुप्पट लक्ष द्यायचं.

बाटली रंगीत काचेची किंवा चिनी मातीची असेल, किंवा मान फॉइलने झाकलेली असेल, तर पातळीचा उपयोग संपतो. कॉर्कच्या बुचाने बंद केलेल्या जुन्या बाटलीत तर गणित उलटतं. तिच्यातून वर्षानुवर्षं थोडं थोडं मद्य उडून जातं, पातळी खाली येणं नैसर्गिक असतं. अशी कित्येक दशकं जुनी म्हणवणारी बाटली गळ्यापर्यंत भरलेली असेल, तर संग्राहकाच्या मनात पाल चुकचुकायला हवी.

लेबल भिंगाखाली

लेबलची वेळ येते ती बाटलीसकट सगळं बनावट असल्याची शंका असेल, किंवा गोव्याचा माल महाराष्ट्राचा म्हणून आला असेल तेव्हा. इथे घड्याळजींकडे असतं तसं दहापट मोठं दाखवणारं भिंग कामी येतं.

लेबलवरचं सगळ्यात बारीक अक्षर शोधावं, पत्त्याची ओळ बहुधा तीच असते. मूळ छपाईत अशी अक्षरं एकाच शाईत, सलग छापलेली असतात. भिंगाखाली काळ्या अक्षराची कड काळी आणि स्वच्छ दिसते. नक्कल करणारा लेबल स्कॅन करतो आणि चार रंगांच्या यंत्रावर छापतो. यंत्राला ते अक्षर म्हणजे चित्राचाच एक भाग वाटतं, त्यामुळे निळ्या, गुलाबी, पिवळ्या ठिपक्यांतून ते काळं अक्षर रचलं जातं. नुसत्या डोळ्यांना काळं, भिंगाखाली रंगीत धूळ. सोनेरी रंगाचंही तेच. अस्सल लेबलवर गरम ठशाने दाबलेली धातूची पातळ फॉइल असते, ती उजेडात फिरवल्यावर चमक बदलते आणि बोटाला किंचित दबलेली लागते. नकलेतलं सोनं कुठल्याही कोनातून पिवळट तपकिरीच राहतं.

मात्र एक गोष्ट भल्याभल्यांना चकवते. बॅच क्रमांक आणि तारीख ठिपक्याठिपक्यांची, थोडी वाकडी असते, म्हणून काहीजण बाटलीला खोटी ठरवतात. वस्तुतः ती तशीच असायला हवी. लेबलं हजारांनी आधी छापून येतात, तर बॅच क्रमांक भरण्याच्या दिवशी चालत्या पट्ट्यावर शाईच्या फवाऱ्याने किंवा लेझरने उमटवला जातो. काळजी करावी ती बॅच क्रमांक बाकीच्या मजकुराइतकाच रेखीव आणि त्याच शाईत छापलेला असेल तेव्हा, कारण त्याचा अर्थ कुणीतरी एकाच अस्सल लेबलची अख्खी प्रत काढली आहे. खोक्यावरचा आणि बाटलीवरचा क्रमांक ताडून पाहावा. वेगवेगळ्या ठिकाणांहून गोळा केलेली बाटली आणि खोका इथे हमखास फुटतात.

पुन्हा भरलेल्या बाटलीचं लेबल अस्सल असलं, तरी एकदा वापरलेलं असतं. बर्फाच्या बादलीत बुडालेल्या बाटलीचं लेबल कडेने फुगतं, पाण्याची पुसट लाट त्यावर राहते. परत परत हाताळलेल्या काचेवर खांद्याशी आणि तळाशी घासल्याची धूसर पट्टी उठते. बाटली अशी म्हातारी आणि झाकण मात्र कोवळं, ही विसंगती बोलकी असते.

> आयात बाटलीवर काय शोधावं?
> भारतात रीतसर विकायला आलेल्या विदेशी बाटलीवर आयातदाराचं नाव आणि पत्ता, अन्न सुरक्षा प्राधिकरणाचा परवाना क्रमांक, कमाल किरकोळ किंमत आणि एप्रिल 2019 पासून सक्तीचा झालेला आरोग्याचा इशारा असतो. भारतासाठी भरलेल्या स्कॉचवर बहुधा 42.8 टक्के तीव्रता आणि 750 मिलिलिटर माप दिसतं, तर युरोपातल्या बाटलीवर 700 मिलिलिटर. ड्यूटी फ्रीच्या बाटलीवर यातलं बरंच काही नसतं, आणि विकणाऱ्याला तीच सबब हवी असते. नियमाने परदेशातून येणारा प्रवासी 2 लिटर मद्य करमुक्त आणू शकतो. एकाच माणसाकडे ‘ड्यूटी फ्री’च्या डझनभर बाटल्या कायम असतील, तर त्या कुठून येतात, हा प्रश्न विचारायलाच हवा.

गोव्याच्या मालावर ‘फक्त गोव्यात विक्रीसाठी’ या अर्थाची ओळ असते, महाराष्ट्रातल्या मालावर महाराष्ट्राचं नाव. लेबल बदललेल्या बाटलीत ही ओळ आणि किंमत ज्या भागावर आहे, तिथेच पाहावं. यंत्र लेबल सरळ आणि ठरलेल्या उंचीवर लावतं. हाताने लावलेलं किंचित तिरकं असतं, त्याखाली हवेचे फुगे आणि जुन्या गोंदाची चिकट कड बोटाला लागते.

सेंट मॉरिट्झमधला एक पेला

बूच आणि लेबल यांनी जगातली एक गाजलेली फसवणूक उघडकीला आणली. 2017 मध्ये स्वित्झर्लंडमधल्या सेंट मॉरिट्झच्या एका हॉटेलात एका चिनी पाहुण्याने 1878 सालची म्हणवली जाणारी मकॅलन मागवली आणि एका पेल्याला जवळपास 10,000 फ्रँक मोजले. बाटली सीलबंद होती. तिचे फोटो प्रसिद्ध झाल्यावर जाणकारांना बूच आणि लेबल यांचा मेळ बसेना. हॉटेलने नमुना तपासायला दिला. ऑक्सफर्डमध्ये कार्बन चाचणी झाली आणि मद्य 1970 ते 1972 च्या दरम्यानचं असण्याची शक्यता 95 टक्के निघाली. शिवाय ती सिंगल माल्ट नव्हती, सुमारे 60 टक्के माल्ट आणि 40 टक्के इतर धान्याची व्हिस्की यांचं मिश्रण होतं. हॉटेलने पाहुण्याला पैसे परत केले.

कार्बन चाचणी इतकी नेमकी ठरते, त्याला कारण 1950 आणि 1960 च्या दशकांतले अणुचाचणी स्फोट. त्यांनी हवेतला किरणोत्सारी कार्बन अचानक वाढवला आणि त्यानंतर उगवलेल्या बार्लीत तो उतरला. एकोणिसाव्या शतकातल्या बार्लीत ही वाढ असूच शकत नाही. 2018 मध्ये स्कॉटलंडच्या प्रयोगशाळेत दुर्मीळ म्हणवणाऱ्या 55 बाटल्या तपासल्या गेल्या, त्यांतल्या 21 बनावट निघाल्या.

घरच्या चाचण्या कुठे फसतात

बाटली हलवून बुडबुडे किती टिकतात ते पाहणं, चमच्यात काडी लावून ज्योत बघणं, बाटली फ्रीझरमध्ये ठेवणं, हे उपाय सर्रास सांगितले जातात. ते फार तर तीव्रतेचा अंदाज देतात. पण पुन्हा भरलेल्या बाटलीत येते ती बहुधा परवानाधारक कारखान्यातली स्वस्त भारतीय व्हिस्की, आणि तिची तीव्रताही 42.8 टक्केच. बुडबुडे, ज्योत, गोठणं, सगळ्यात ती पास होते. रंगही जुळतो, कारण रंगासाठी कॅरॅमल दोन्हीकडे वापरलं जातं. मळीपासून काढलेल्या मद्यार्काची ही व्हिस्की स्कॉचहून वेगळी आहे, हे ओळखायला अनुभवी नाक लागतं, किंवा प्रयोगशाळेतलं गॅस क्रोमॅटोग्राफीचं यंत्र. ते मद्यातले सूक्ष्म घटक वेगळे करून मोजतं.

मिथेनॉलच्या बाबतीत तर घरची कुठलीही चाचणी धोक्याची आहे. जून 2015 मध्ये मालाडच्या मालवणीत विषारी दारूने शंभरहून अधिक माणसं गेली. तो माल हातभट्टीच्या वाटेचा होता, सीलबंद स्कॉचचा नव्हता. पण बाटली कुणी आणि कशाने भरली हे माहीत नसेल, तर तोच धोका तिच्यातही असतो. मिथेनॉलची चव आणि वास साध्या मद्यार्कासारखाच असतो. यकृतात त्याचं फॉर्मिक आम्ल होतं आणि ते डोळ्यांच्या मज्जातंतूवर घाला घालतं. लक्षणं बहुधा 12 ते 24 तासांनी दिसतात: धूसर दिसणं, पोटात कळा, उलट्या, धाप. सोबत साधी दारूही प्यायलेली असेल तर ती आणखी लांबतात. म्हणून ‘काल प्यायलो, आज काय होणार’ असं म्हणून थांबू नये. नजर धूसर झाली की तडक रुग्णालयात जावं, आणि उरलेली बाटली सोबत न्यावी. वेळेत उतारा आणि डायलिसिस मिळालं तर डोळे आणि जीव दोन्ही वाचू शकतात.

शंका आली आणि कुणालाही त्रास झालेला नसेल, तरी दारू मोरीत ओतून बाटली भंगारात देणं ही सगळ्यात वाईट वाट, कारण तीच बाटली पुन्हा भरायला जाईल. झाकण, गळ्यातली कडी, नळी, खोका आणि असेल तर बिल एका पिशवीत ठेवावं, बाटली दुसऱ्या बुचाने घट्ट बंद करून उभी ठेवावी आणि राज्य उत्पादन शुल्क विभागाच्या जवळच्या कार्यालयात तक्रार द्यावी. तपासणाऱ्याला आतल्या द्रवाइतकीच त्या तुटलेल्या कडीची गरज असते. आणि रोजची रिकामी बाटली टाकायची असेल तेव्हा लेबलवर चाकूने आडवी चीर द्यावी, झाकण चेपावं, खोका फाडावा, मगच ती भंगारवाल्याला द्यावी.